एक जॉ तापला आणि अख्खं यार्ड बंद: सिंगल बस, डबल बस की वन अँड हाफ?

बुटीबोरी_मेंटेनन्स · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बुटीबोरीतल्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमचं १३२ केव्हीचं यार्ड छोटंसं आहे. दोन लाइन येतात, दोन ट्रान्सफॉर्मर आहेत आणि मध्ये एकच बस. बसला सेक्शन नाही.

मागच्या आठवड्यात दुपारी थर्मोग्राफी केली. बाहेर ४४ अंश होते. ट्रान्सफॉर्मर-१ च्या बस आयसोलेटरचा आर फेजचा जॉ ११२ अंश दाखवत होता, वाय आणि बी फेज ५७ आणि ५५. लोड १८० अँपिअर. आम्ही लोड दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर ढकलून इथे १२० वर आणला, तेव्हा तो ७८ पर्यंत उतरला. तसाच रविवारपर्यंत ओढला आणि आज काम केलं. जॉ उघडला तर फिंगरच्या स्प्रिंगा पार सैल झालेल्या, चांदीचा थर गेलेला, एका फिंगरच्या टोकाला तांबं निळं पडलेलं. बदलायला अडीच तास लागले. पण त्या अडीच तासांसाठी अख्खं यार्ड सकाळी ६ ते दुपारी ३ बंद होतं, कारण तो जॉ थेट बसला लागून आहे आणि बस आमची एकच. आता रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि भट्टी अजून तापून राहिली आहे. उत्पादन उद्या सकाळीच सुरू होईल.

विस्तारात २२० केव्हीचं नवं यार्ड येणार आहे. सुरुवातीला याच चार सर्किटचं, पुढे आणखी दोन. सल्लागारांनी डबल बस सुचवली आहे आणि सोबत वन अँड हाफचं एक पर्यायी स्केच दिलं आहे. माझा प्रश्न सरळ आहे: आजचं हेच काम त्या दोन यार्डांत निघालं असतं तर काय बंद करावं लागलं असतं?

शिफ्ट_बी · रात्री १०:०५

भाऊ, डबल बस घ्या, विषय संपला. ज्या बसवर काम आहे ती रिकामी करायची, सगळे बे दुसऱ्या बसवर घ्यायचे आणि निवांत काम करायचं. काहीच बंद होत नाही. आम्ही दर वर्षी पावसाळ्याआधी इन्सुलेटर पुसायला अशीच बस घेतो, एकही फीडर जात नाही. आणि वन अँड हाफ असेल तर मग ब्रेकर, आयसोलेटर, बस, कशावरही काम करा, लाइन चालूच राहते. पण ते ४०० केव्हीवाल्यांसाठी. तुम्हाला एवढा खर्च कशाला?

यार्डातली_३४_वर्षं · रात्री ११:१२

शिफ्ट बी, बस पुसायच्या कामाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आयसोलेटरबद्दल नाही. ही चूक मी ड्रॉइंग रिव्ह्यूमध्येही कितीदा ऐकली आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

आयसोलेटरला दोन टोकं असतात, आणि माणूस वर चढायचा तर दोन्ही टोकं मेलेली आणि अर्थ केलेली हवीत. डबल बसमध्ये ट्रान्सफॉर्मर-१ च्या बेला दोन बस आयसोलेटर असतात, ८९ए आणि ८९बी. एक बस-ए ला, दुसरा बस-बी ला. पण त्यांची दुसरी टोकं एकमेकांना जोडलेली असतात आणि तिथून पुढे ब्रेकर. समजा जॉ ८९ए चा तापला. बस-ए रिकामी केली, ८९ए चं वरचं टोक मेलं. खालचं टोक? ते ८९बी मधून बस-बी वर जिवंत आहे, कारण ट्रान्सफॉर्मर-१ आता बस-बी वर चालतोय. म्हणून ८९बी पण उघडावा लागतो, आणि ट्रान्सफॉर्मर-१ बंद.

तेव्हा बुटीबोरी, तुमचं आजचं काम डबल बसमध्ये असतं तर बस-ए आणि ट्रान्सफॉर्मर-१ गेले असते. दोन्ही लाइन आणि ट्रान्सफॉर्मर-२ बस-बी वर चालू राहिले असते. मे महिन्यात एकटा ट्रान्सफॉर्मर-२ तुमची भट्टी आणि बाकीचं किमान लोड ओढू शकतो का, हे तुम्हीच सांगा. ओढत असेल तर आजचे नऊ तास वाचले असते.

आता वन अँड हाफ. एका डायात तीन ब्रेकर आणि दोन सर्किट. बस-१, मग मेन ब्रेकर, मग एक सर्किट, मग टाय ब्रेकर, मग दुसरं सर्किट, मग दुसरा मेन ब्रेकर, बस-२. तापलेला जॉ बसच्या बाजूच्या आयसोलेटरचा असेल तर बस-१ बंद करा, त्या डायाचा मेन ब्रेकर आणि त्याचा सर्किटच्या बाजूचा आयसोलेटर उघडे ठेवा, चारही सर्किट चालू राहतात. इथे शिफ्ट बी बरोबर आहेत. पण प्रत्येक ब्रेकरला दोन्ही बाजूंना आयसोलेटर असतात, म्हणजे एका डायात सहा. त्यातले बसला लागलेले फक्त दोन. उरलेल्या चारांचं एक टोक कुठल्या ना कुठल्या सर्किटच्या मधल्या बिंदूला लागतं. त्यांतल्या एकावर काम निघालं की ते सर्किट बंद करावंच लागतं. जॉ कुठला तापेल हे आधी ठरवता येत नाही.

रामदासपेठ_मेंटेनन्स · सोमवार, सकाळी ७:३०

मी एका हॉस्पिटलची इलेक्ट्रिकल व्यवस्था सांभाळतो. आमच्याकडे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत, एलटी पॅनेलला मध्ये बसकपलर आहे, म्हणजे डबल बसच झाली ना? तरीसुद्धा मागच्या महिन्यात बसबारचे जॉइंट टाइट करायला अर्धं हॉस्पिटल डीजीवर घ्यावं लागलं. मग डबल बसचा फायदा काय?

रिलेवाली · सोमवार, सकाळी ८:१५

@रामदासपेठ, तुमची डबल बस नाही. ती एकच बस आहे, मधून दोन तुकडे केलेली. प्रत्येक आउटगोइंग एकाच तुकड्याला कायमचं बांधलेलं असतं, दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून तुकडा घेतला की त्यावरचं सगळं जातं. तुमच्याकडे ते चालतं, कारण ब्रेकर ट्रॉलीवरचे आहेत. ब्रेकर बिघडला तर बाहेर ओढून स्पेअर ढकलता येतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम. उरतात फक्त बसबारचे जॉइंट, आणि ते वर्षातून एकदा. आयसीयूचे दोन फीडर दोन वेगळ्या तुकड्यांवर आहेत का, तेवढं मात्र आज बघून घ्या.

@बुटीबोरी, यार्डात ट्रॉली नसते, म्हणून हा सगळा खटाटोप. काकांनी मेंटेनन्सचं सांगितलं, मी फॉल्टचं सांगते. डबल बसमध्ये बस-ए वर फॉल्ट आला तर बस-ए वरचे सगळे बे ट्रिप होतात. लाइन-१ आणि ट्रान्सफॉर्मर-१ बस-ए वर, बाकी दोन बस-बी वर, असं वाटून ठेवलं असेल तर अर्धं जातं. वन अँड हाफमध्ये बस-१ वर फॉल्ट आला तर बस-१ चे मेन ब्रेकर उघडतात आणि एकही सर्किट जात नाही, सगळी टाय ब्रेकरमधून चालू राहतात.

पण माझ्यासाठी खरा फरक बस बदलण्याच्या त्या पाच मिनिटांत आहे. डबल बसचा सगळा फायदा बे हलवण्यात आहे आणि धोकाही तिथेच आहे. संध्याकाळी सविस्तर लिहिते, आता साइटवर निघते.

बुटीबोरी_मेंटेनन्स · सोमवार, दुपारी १:५०

काका, हे खालच्या टोकाचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ट्रान्सफॉर्मर-२ एकटा भट्टी आणि युटिलिटी ओढतो, प्रेस लाइन बंद ठेवावी लागेल. तेवढं रविवारी चालतं.

पण एक शंका. ब्रेकरच्या मेंटेनन्सचं काय? सिंगल आणि डबल दोन्हीत ब्रेकर काढला की सर्किट गेलंच. मग ट्रान्सफर बस जोडावी का?

यार्डातली_३४_वर्षं · सोमवार, संध्याकाळी ५:२०

आमच्या काळात मिनिमम ऑइल ब्रेकर असायचे. चार-सहा फॉल्ट तोडले की तेल काळं पडायचं, उघडून कॉन्टॅक्ट बघावे लागायचे. त्या काळात ट्रान्सफर बस लागायचीच. लाइनचा ब्रेकर काढायचा, टीबीसी म्हणजे ट्रान्सफर बसचा कपलर त्याच्या जागी उभा करायचा, ट्रिप ट्रान्सफर स्विच नॉर्मलवरून ट्रान्सफरवर घ्यायचा आणि लाइन चालू ठेवायची. तो स्विच फिरवायचा राहिला तर लाइनची रिले जुन्याच, उघड्या ब्रेकरला ट्रिप देते आणि टीबीसी ढिम्म उभा. म्हणून तो स्विच ऑपरेटरने फिरवला तरी मी स्वतः जाऊन हात लावून बघायचो.

आता एसएफ६ ब्रेकर आतून उघडायची वेळ फार क्वचित येते. टायमिंग, गॅसचा दाब, ड्युपॉइंट, मेकॅनिझमचं ग्रीसिंग ही कामं दिवसभरात होतात. तुमच्याकडे सर्किट चार आणि ट्रान्सफॉर्मर दोन, म्हणजे एका ब्रेकरला वर्षातून एक दिवस देणं तुम्हाला जमेल. फक्त ब्रेकरसाठी तिसरी बस बांधू नका असं माझं मत. तुम्हाला त्रास आयसोलेटरचे जॉ, सीटी आणि जंपरचे क्लॅम्प देणार. नागपूरच्या उन्हात सैल स्प्रिंग लपत नाही.

ब्रेकर मोजून पाहा. चार सर्किटला सिंगल बसचे ४, डबल बसचे कपलर धरून ५, वन अँड हाफचे ६. म्हणजे तुमच्या आकाराला डबल आणि वन अँड हाफमध्ये एकाच ब्रेकरचा फरक. सहा सर्किट झाली की ७ आणि ९, तिथे अंतर वाढतं. "ते ४०० केव्हीवाल्यांसाठी" हे वाक्य चार सर्किटला लागू पडत नाही.

शिफ्ट_बी · सोमवार, संध्याकाळी ६:०२

काका, मान्य. आयसोलेटरच्या खालच्या टोकाचं आज शिफ्टमध्ये आमच्या यार्डात जाऊन पाहिलं, तसंच आहे. बे हलवताना आम्ही आधी कपलर चालू करतो, त्याचा ट्रिपचा डीसी काढतो, मग दुसरा आयसोलेटर घालून पहिला काढतो. डीसी का काढतात हे मात्र कधी कोणी नीट सांगितलं नाही.

यार्डातली_३४_वर्षं · सोमवार, संध्याकाळी ६:४०

आयसोलेटरला लोड तोडता येत नाही. दोन्ही बस कपलरने जोडलेल्या असतात तेव्हा आयसोलेटरच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच व्होल्टेज असतो आणि पहिला आयसोलेटर उघडताना करंट गुपचूप दुसऱ्या वाटेने जातो. ब्लेड सुटते तेव्हा छोटीशी ठिणगी दिसते आणि संपते. आता कल्पना करा, शेवटच्या बेचा दुसरा आयसोलेटर अर्ध्यावर आहे आणि त्या क्षणी कपलर ट्रिप झाला. दोन बसमधली वाट आता त्या आयसोलेटरमधूनच आहे, आणि तो सगळा करंट उघड्यावर तोडू बघतो. तो आर्क मी एकदा लांबून पाहिला आहे, फेजवरून फेजवर गेला होता. म्हणून डीसी काढायचा. आणि काम झालं की आठवणीने परत लावायचा, कारण त्याशिवाय कपलर फॉल्टलाही उघडणार नाही.

रिलेवाली · सोमवार, रात्री ९:३०

काकांनी माझं अर्धं काम केलं. आता प्रोटेक्शनच्या बाजूने.

डबल बसमध्ये कोणता बे कोणत्या बसवर आहे हे बसबार रिलेला आयसोलेटरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून कळतं. म्हणजे एवढी मोठी स्टेशन वाचवणारी रिले एका छोट्या रॉडवर आणि कॅमवर अवलंबून. तो कॉन्टॅक्ट चुकला की रिले चुकीच्या बसचा हिशोब करते.

एका साइटवर आम्ही रात्री बस बदलत होतो. एक फीडर बस-ए वरून बस-बी वर घेतला. ८९बी घातला, ८९ए काढला. ८९बी चं ब्लेड व्यवस्थित बसलेलं आणि ८९ए चं पूर्ण उघडलेलं दिसत होतं. मी रिलेच्या डिस्प्लेसमोर उभी होते. बस-ए चा डिफरन्शियल करंट शून्याजवळ, चेक झोनचाही शून्याजवळ, आणि बस-बी चा २१२ अँपिअर. त्या फीडरचं लोड बघितलं तर तेही २१२. लगेच कळलं: फीडर खरोखर बस-बी वर आहे, पण ८९बी चा "बंद" कॉन्टॅक्ट मिळालेला नाही, म्हणून रिलेच्या मते हा फीडर कुठल्याच बसवर नाही. बस-बी च्या बेरजेत त्याचाच करंट कमी पडत होता. ट्रिप झालं नाही ते चेक झोनमुळे. चेक झोन कोणता आयसोलेटर कुठे आहे ते बघत नाही, यार्डात येणारं आणि जाणारं सगळं एकत्र मोजतो. ऑक्झिलरी स्विचचा लिंक रॉड बोटभर घसरला होता. लाइट मारला तेव्हा जुन्या नटाची चकाकती रेघ दिसली.

म्हणून प्रत्येक बे हलवल्यावर, पुढच्या बेला हात लावायच्या आधी, डिस्प्लेवरचे तीन आकडे बघायचेच. तिथे कोणी बघितलं नसतं तर बस-ए वरचा पुढचा फॉल्ट किंवा चेक झोनमधली एखादी सीटी सुटणं बस-बी उगाच ट्रिप व्हायला पुरेसं होतं. शिवाय दोन्ही आयसोलेटर घातलेले असतात तेवढा वेळ दोन बस मिळून एकच बस असते. त्या मिनिटांत फॉल्ट आला तर तुम्ही सिंगल बसवर आहात, सगळं जाणार.

वन अँड हाफमध्ये बे हलवणं हा प्रकारच नाही. कोणता मेन ब्रेकर कोणत्या बसला आहे हे कायमचं ठरलेलं. बसबार प्रोटेक्शन साधं राहतं, आयसोलेटरचा कॉन्टॅक्ट लागत नाही. तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथे बस वर्षातून दोनदाच बदलली जाईल आणि ऑपरेटर तोपर्यंत पद्धत विसरलेला असेल, तिथे मी वन अँड हाफ घेईन.

यार्डातली_३४_वर्षं · सोमवार, रात्री १०:४५

रिलेवाली, प्रसंग अगदी योग्य सांगितला. पण वन अँड हाफमध्येही ऑक्झिलरी कॉन्टॅक्टपासून सुटका नाही. लाइन बंद असते तेव्हा डाया तोडून ठेवायचा नसतो. लाइन आयसोलेटर उघडून मेन आणि टाय पुन्हा लावतात. आता त्या दोन ब्रेकरच्या मधला तुकडा जिवंत आहे, पण लाइनचा सीव्हीटी लाइन आयसोलेटरच्या पलीकडे, मेलेल्या बाजूला. डिस्टन्स रिले आंधळी. तिथे स्टब प्रोटेक्शन लागतं आणि ते लाइन आयसोलेटरच्या कॉन्टॅक्टवरूनच चालू होतं. तो कॉन्टॅक्ट आला की नाही हेही तसंच बघावं लागतं.

आणखी एक. टाय ब्रेकर अडकला तर त्या डायाची दोन्ही सर्किट जातात. आणि बस-१ मेंटेनन्सला घेतली असताना बस-१ च्या बाजूचं सर्किट शेजाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे जातं. शेजाऱ्यावर फॉल्ट आला की टाय आणि दुसरा मेन उघडतात आणि हाही अंधारात. म्हणून कोणाला कोणाच्या शेजारी बसवायचं हे महत्त्वाचं. एका डायात एक लाइन आणि एक ट्रान्सफॉर्मर ठेवा. मग बस-१ मेंटेनन्सला असताना बस-२ वर फॉल्ट आला, म्हणजे दोन्ही बस गेल्या, तरी लाइन-१ टायमधून ट्रान्सफॉर्मर-१ ला आणि लाइन-२ ट्रान्सफॉर्मर-२ ला पुरवत राहते. बस नसलेलं यार्ड चालू राहतं. दोन्ही लाइन एकाच डायात घातल्या तर त्याच प्रसंगात सगळं गेलं.

माझं मत अजूनही डबल बसकडे थोडं झुकतं. तुमच्या लोकांना ती समजेल, चुकलं तर काय चुकलं हे दिसेल. वन अँड हाफमध्ये एका लाइनला दोन ब्रेकर ट्रिप होतात, सीटीची बेरीज असते, रिक्लोजमध्ये आधी मेन आणि मग टाय असतो. टेस्टिंगला बाहेरची माणसं लागतात आणि ती नागपुरात लगेच मिळतीलच असं नाही.

रिलेवाली · सोमवार, रात्री ११:०५

काका, टेस्टिंगचं मान्य. पण टेस्टिंग ठरवून, दिवसा करता येतं. बस बदलायची वेळ जॉ तापल्यावर येते, तीही मेमध्ये, पूर्ण लोडवर. मी माझ्या मतावर आहे.

रामदासपेठ_मेंटेनन्स · मंगळवार, सकाळी ६:५५

@रिलेवाली, आयसीयूचे दोन्ही फीडर एकाच तुकड्यावर निघाले. आज रात्री एक पलीकडे घेतोय. धन्यवाद ताई.

बुटीबोरी_मेंटेनन्स · मंगळवार, सकाळी १०:३०

काल रात्री सल्लागारांचं पर्यायी स्केच पुन्हा उघडलं. वन अँड हाफचे दोन डाया काढलेत, पण पहिल्या डायात लाइन-१ आणि लाइन-२, दुसऱ्यात दोन्ही ट्रान्सफॉर्मर. बहुतेक दोन्ही लाइनचे टॉवर उत्तरेला आहेत म्हणून सोयीचं वाटलं असावं. आत्ताच फोन केला. ते म्हणतात, लाइन-२ दुसऱ्या डायात न्यायची तर एक गँट्री आणि यार्डाच्या डोक्यावरून एक आडवा स्पॅन वाढेल. पुढची दोन सर्किट आली की त्या स्पॅनखाली क्रेन लावायला जागा उरेल का, ते बघून सांगतो म्हणाले. तोवर डबल बसचं ड्रॉइंगही थांबवलेलं नाही. त्यात चेक झोन दाखवला आहे का, हे आता शोधतोय.

शिफ्ट_बी · मंगळवार, सकाळी ११:१०

भाऊ, दोन्ही ड्रॉइंग टाका इथे, नावं झाकून. आणि आजच्या शिफ्टला मी आमच्या रिलेचे तीन आकडे वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. एका झोनमध्ये १४ अँपिअर दिसून राहिलेत, लोड ४०० च्या आसपास असताना. हे सीटीच्या चुकीचं असू शकतं की बघायला हवं?

रिलेवाली · मंगळवार, दुपारी १:२५

लोड कमी-जास्त होतं तसे ते १४ बदलतात का, ते आधी दोन दिवस बघा. लोडबरोबर वाढत असतील तर सीटीची किंवा रेशो सेटिंगची छोटी तफावत असेल. लोड काहीही असो, एखाद्या ठराविक बेच्या करंटबरोबरच हलत असतील तर त्या बेचं सीटी सर्किट तपासायला घ्या.